विहीर आटली, हे दोरीला बोलू द्या

नमस्कार मंडळी. स्पर्धांचे दिवस जवळ आले की एकच प्रश्न दहा तऱ्हांनी येतो. "दुष्काळावर एकांकिका लिहिलीय, पण ती भाषणासारखी वाटते. काय करू?" गेल्या महिन्यात इतक्या जणांनी विचारलं की म्हटलं, आज यावरच बोलू.

सोप्या गोष्टी पटकन उरकतो. प्रसंग एकच घ्या. जागा एक, वेळ एक, माणसं दोन, फार तर तीन. 'बळीराजा' हा शब्द कुणाच्याही तोंडी नको. शेतकरी शेतकऱ्याला बळीराजा म्हणत नाही, बॅनरवाले म्हणतात. आणि कृपा करून कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे बघणारा म्हातारा आता घरी पाठवा. बिचाऱ्याची मान अवघडली असेल.

हां, भेगाळलेली जमीन. पोस्टरवर, पडद्यावर, नेपथ्यात, सगळीकडे त्याच भेगा. अहो, भेगा काळ्या चिकण जमिनीला पडतात. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून फाटते. तुमची गोष्ट आटपाडीच्या माळावर घडत असेल, तर तिथं मुरमाड जमीन आहे. ती फाटत नाही, नुसती धूळ होते. भेगा दाखवायच्याच असतील तर आटलेल्या तलावाच्या गाळात दाखवा. माळावर दाखवल्या की त्या भागातला प्रेक्षक तिथंच सुटतो.

आता मुख्य गोष्ट. लिहिणारे बहुतेक इथं चुकतात. काळजी दाखवायची म्हणून ते पात्राला काळजी करायला लावतात. "आता कसं व्हायचं?" असं म्हणून पात्र डोक्याला हात लावतं. खऱ्या विहिरीवरचा माणूस त्या वेळी हिशोब करत असतो. पाणी किती, झाडं किती, आज कुणाला द्यायचं. त्याचा हिशोब प्रेक्षकाला कळला की काळजी आपोआप कळते. पण हिशोब कळायला आधी माप कळलं पाहिजे. कालचं माप माहीत नसेल तर आजच्या मापाला काही अर्थच नाही.

एक प्रसंग उभा करून बघू.

आटपाडी तालुका, चैत्र. डाळिंबाच्या दोन पट्ट्या, वरची आणि खालची. प्रत्येकीत तीनशे झाडं, हिवाळा सरता येणाऱ्या फुलोऱ्याचा आंबे बहार धरलेला, फळं लिंबाच्या वर गेलेली. सासरा आणि सून. मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात. हे सांगायला संवाद नको, त्या भागात घरटी एक माणूस तिकडं असतो म्हटलं तरी चालेल. दिवस मावळतीला टेकलाय, मोटरीची थ्री फेज लाइट रात्री येणार आहे. म्हणून त्याआधी पाणी मोजायचं.

मोजायचं कसं? दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा. दगड तळाला टेकला की दोरी वर ओढायची. जेवढी दोरी भिजली तेवढं पाणी. दोरीवर एक लाल चिंधी बांधलेली आहे. काल दोरी जिथपर्यंत भिजली होती, तिथं ती बांधलीय. काल अडीच हात भिजली होती. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. आज सासरा दोरी वर काढतो आणि दोरी भिजलीय पावणेदोन हात. ओल चिंधीपर्यंत पोचतच नाही. मध्ये पाऊण हात कोरडी दोरी.

ती कोरडी दोरी हाच तुमचा प्रसंग. बाकी सगळं तिच्याभोवती.

आता यामागचा हिशोब लेखकाला माहीत पाहिजे, पात्राने बोलून दाखवायचा नाही. विहीर वीस फूट व्यासाची धरा. एवढ्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. एका झाडाला दिवसाला तीस लिटर धरले तर तीनशे झाडांना ९,००० लागतात. म्हणजे एक फूट पाणी, एक पट्टी. पण विहिरीतलं सगळं पाणी आपलं नसतं. तळाशी मोटरीच्या पाइपच्या तोंडाला फूटव्हॉल्व्ह आहे. तो पुरता बुडालेला राहिला पाहिजे, नाहीतर मोटर हवा ओढते. त्याखाली गाळ. म्हणून तळाचं दीड फूट सोडून द्यायचं. कालच्या अडीच हातांतून, म्हणजे पावणेचार फुटांतून, दीड गेलं, सव्वादोन उरलं. दोन्ही पट्ट्या भिजल्या. आजचे पावणेदोन हात म्हणजे अडीच फुटांच्या थोडं वर. दीड वजा केलं की उरतं फूटभर.

एक पट्टी.

बघा, "पाणी कमी झालं" यातून काहीच होत नाही. कमी म्हणजे किती आणि कुणाला, हे ठरलं की मग माणसाला काहीतरी करावं लागतं. आता सासऱ्याला ठरवायचंय की कुठल्या पट्टीचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. वरची पट्टी घरासमोर आहे, पण मुरमात आहे, तिथलं फळ आधीच मागं पडलंय. खालच्या पट्टीत माती आहे, ओल जास्त धरते, फळ बरं आहे. म्हणजे कोरडी ठेवायची कुठली हे दोघांना माहीत आहे. आणि जी कोरडी ठेवायची ती रोज सकाळी दारातून दिसणार आहे.

संवाद किती? एवढाच.

"किती हाय, मामा?"
"हाय की."
(दोघं व्हॉल्व्हपाशी.)
"वरचा सोडू का?"
"ऱ्हाऊ दे आज."

संपलं. एका प्रेक्षकानं मागच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं की असं त्रोटक लिहिलं तर भावना कुठंय? या "आज"मध्ये आहे. उद्या दोरी आणखी कोरडी निघणार हे त्याला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. तरी तो आज म्हणतो आणि ती मान डोलावते. पण हे "आज" ऐकू कधी येतं? प्रेक्षकाला चिंधी कळली असेल तरच. म्हणून पुन्हा सांगतो, कालचं माप आधी.

हीच गोष्ट आवाजाच्या बाजूने बघा, कारण कित्येकांना विहीर दाखवता येत नाही. श्रुतिका असेल किंवा छोटं स्टेज असेल. तिथं मोटरीचा आवाज वापरा. पाणी ओढणाऱ्या मोटरीचा आवाज भरलेला, जड असतो. फूटव्हॉल्व्ह उघडा पडायला लागला आणि हवा शिरली की भार उतरतो, आवाज हलका आणि मोकळा होतो, पाइपच्या तोंडाशी पाणी गचके देत येतं. शेतकरी झोपेतून उठतो तो या हलक्या आवाजाने. पण गंमत बघा, शहरातल्या प्रेक्षकाला हलका आवाज म्हणजे बरं चाललंय असं वाटेल! म्हणून प्रसंगाच्या सुरुवातीला जड आवाज दोन मिनिटं पाठीमागे चालू द्या. लोक बोलतायत, जेवतायत, मोटर चालू आहे. त्याकडे कुणाचं लक्ष नाही. मग तो बदलतो आणि जेवणारा हात थांबतो. संवादाची गरजच नाही. दोरीचंच तत्त्व आहे हे. चांगला दिवस कानात बसला असेल तर वाईट दिवस ऐकू येतो.

आणि पिकाच्या बाजूनेही तेच. डाळिंबाऐवजी कुणी ज्वारी घेतली आहे, चांगलं आहे. ताण बसला की ज्वारीची पानं दुपारी सुरळी होतात. हे रोजचं आहे, त्याला कुणी घाबरत नाही, संध्याकाळी ती परत उलगडतात. भीती कधी? सकाळी रानात जावं आणि पानं अजून सुरळीच असावीत. पण तुम्ही थेट सकाळची सुरळी दाखवली तर प्रेक्षकाला वाटेल, ज्वारीची पानं अशीच असतात. आधी एका संध्याकाळी उलगडलेली दाखवा. तीन वेळा तेच सांगतोय, माहीत आहे मला. पण आलेल्या संहितांमध्ये हीच पायरी सगळ्यात जास्त गाळलेली असते.

एक धोका सांगतो, जरा गंभीर आहे. दुष्काळाच्या नाटकात दोरी आली की प्रेक्षक फास शोधायला लागतो. इतक्या वेळा ते दाखवून झालंय. त्यामुळे तुमची साधी पाणी मोजायची दोरी त्याला भलतीकडे नेईल. म्हणून दोरी पहिल्यांदा दिसेल तेव्हा तिला दगड बांधलेलाच असू द्या, ती सुनेच्या हातात असू द्या, आणि काम झाल्यावर गुंडाळून काठावर ठेवायचं रोजचं वळण दाखवा. म्हातारा एकटा दोरीकडे टक लावून बसलाय, असं दृश्य नको. काहींनी विचारलंय की शेवटी तो मरतो असं केलं तर परिणाम वाढेल का. उलट सगळा हिशोब वाया जातो. लोक मरणावर रडतात आणि वरच्या पट्टीचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

"परीक्षकांना हात-वीत कळणार नाही, फूट लिहू का?" हाही एक प्रश्न. नको. हात सासऱ्याचा आहे, तो दोरीवर कोपर ठेवून मोजतो, ते दिसतं. दिसलेलं माप समजावून सांगावं लागत नाही.

आता सगळ्यात व्यवहाराची गोष्ट. नायलॉनची दोरी घेऊ नका. ती भिजली तरी रंग बदलत नाही, लांबून काहीच दिसत नाही. काथ्याची किंवा सुती दोरी घ्या, ती ओली झाली की गडद होते. खोट्या विहिरीच्या कठड्यामागे पाण्याची बादली ठेवा आणि दोरीचा पावणेदोन हातांचा भाग आधीच त्यात बुडवून ठेवा. प्रसंग सुरू व्हायच्या तोंडावरच बुडवली तर ओल सारखी लागत नाही, ठिपके पडतात. आणि फार आधी बुडवली तर सुताने पाणी वर ओढून ओल चिंधीपर्यंत चढेल, मग पंचाईत. अर्धा तास पुरतो. तालमीत एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि विचारा, ओल कुठं संपते ते दिसतंय का. नाही म्हणाला तर चिंधी मोठी करा.