इरकलीतली सात भोकं

(दृश्य : जुनी लोखंडी ट्रंक. झाकण उघडताना बिजागरीचा आवाज.)

दसरा झाला, पाऊस थांबला, की बेळगावच्या शहापूर, वडगाव भागातल्या घरांतून ट्रंका बाहेर येतात. इथं गल्लोगल्ली माग चालले, त्यामुळे रेशीम ओळखणारी माणसं घराघरांत. तरीही ही जांभळी रेशमी इरकल वाचली नाही.

(दृश्य : साडी खिडकीसमोर धरलेली. भोकांतून उजेड.)

मोजली तर सात भोकं आहेत, इकडेतिकडे विखुरलेली. आता काकू साडी जुन्याच मोडीवर परत घडी करतात. बघा, सातही एकावर एक आली. म्हणजे कसर एका जागी बसून थरामागून थर खात खाली उतरली.

(दृश्य : नखाच्या टोकावर जांभळी भुकटी, अगदी जवळून.)

ही भुकटी धूळ नव्हे, कसरीच्या अळीची विष्ठा आहे. अळी ज्या रंगाचं कापड खाते, त्याच रंगाची विष्ठा होते. घडीत अशी रवाळ भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नळी दिसली, तर अळी अजून आत असू शकते. उडणारा पिटुकला पतंग कापड खात नाही, तो फक्त अंडी घालतो. खाते ती अळी, आणि तिला हवा अंधार न् कुणी न हलवलेली घडी.

पण भोकं नेमकी इथंच का?

"मे महिन्यात भाचीच्या लग्नात नेसले होते," काकू सांगतात. "जिलबीचा पाक सांडला. ओल्या फडक्यानं पुसला. रात्री दमून आले, तशीच घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली."

सगळं त्या रात्रीच घडलं. स्वच्छ रेशमापेक्षा घाम आणि खरकटं लागलेलं रेशीम अळीला जास्त मानवतं. त्यात प्लॅस्टिकमध्ये घामाची ओल कोंडली, आणि वर आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस. डांबरगोळ्या ट्रंकेत होत्या, पण त्यांचा वास पिशवीच्या आत पोचलाच नाही.

(दृश्य : माडीवरची खोली. लाकडी दांडीवर साडी पसरली जाते.)

दांडीवर आधी जुनं धोतर गुंडाळलंय, लाकडाचा डाग लागू नये म्हणून. तारेवर रेशीम टाकायचं नाही, गंज उतरतो. खोलीत उजेड आहे, ऊन नाही. उन्हानं रंग उडतो आणि धागा विरतो. वास जाईपर्यंत, दोनेक तास, साडी अशीच राहील. मग उलटी बाजू. त्यानंतर मऊ ब्रशनं काठाच्या शिवणीतून, फॉलच्या आतून हलकेच झाडायचं. झाडलं की कसरीची अंडी बरीचशी निघून पडतात. हे काम गच्चीत किंवा बाहेर करावं, घरात नको. लग्नाहून आल्यावरही घडीआधी हेच दोन तास द्यायचे होते, आणि पाकाचा डाग घरी न चोळता ड्रायक्लीनला.

ट्रंक मात्र कडक उन्हात. कोपरे, बिजागरीच्या खाचा कोरड्या फडक्यानं पुसून.

(दृश्य : चटईवर मलमल. दोन जावा समोरासमोर बसून घडी घालतात.)

आता घडी. जुनी मोड दिसतेय, पांढुरकी रेघ? वर्षानुवर्षं तिथंच दुमडलं की रेशीम तिथंच चिरतं, आणि जरीची साडी असेल तर आधी जर तुटते. म्हणून नवी घडी जुन्या रेघेपासून चार बोटं सरकवायची. थोरल्या जाऊबाई दुमडीत सुती कापडाची सैल वळकटी ठेवतात, म्हणजे धारदार मोड पडत नाही. पदर आत. वरून हातानं दाबायचं नाही. स्टार्च तर नकोच, त्यावर रुपेरी कसर हा दुसराच किडा येतो. मग धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या मलमलीत बांधायचं. वर्तमानपत्रात नको, शाई उतरते. अशी घडी दर तीन महिन्यांनी मोडायची, साडी नेसली नाही तरी.

(दृश्य : छोट्या पुरचुंडीत वेखंड.)

वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला घरोघरी ठेवतात. त्यानं पतंग दूर राहत असेल, आत शिरलेली अळी मरत नाही. पाला ओला असला तर डाग पडतो. डांबरगोळी, शेजारच्या कन्नड घरांतली नुसीगुळिगे, ठेवायचीच तर कापडात बांधून, सगळ्यात वर, कारण तिचा वास जड, खाली उतरतो. जरीला टेकवायची नाही, मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

भोकं रफू होतील. जांभळा धागा जुळेलच असं नाही.

(दृश्य : मलमलीची गाठ. वर कागदाची चिठ्ठी, काकूंच्या हाताची : "घडी बदलली, ऑक्टोबर. पुढची जानेवारी.")