ओट्याची कड प्लायवूडसारखी का दिसते

बसा, पुढे या. मागच्यांना पडद्यावरचे ग्रॅनाइटचे दाणे दिसणार नाहीत आणि आज सगळं भांडण त्या दाण्यांचंच आहे.

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'सिंकचं कटआउट' असा छापलाय. त्याकडे येतोच. पण आधी एक जुनी जखम उघडी करतो, कारण ती ज्यांना झाली नाही त्यांना पुढचं कळणार नाही. ज्यांना झालीय त्यांनी हसू नये.

काही वर्षांपूर्वी ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये मी एका स्वयंपाकघराचं रेंडर केलं. ओटा ३००० मिलिमीटर लांब, ६०० रुंद, दगड २० जाड. उजेड झकास, नळ चकचकीत, खिडकीतून ऊनही आणलेलं. दगडाच्या शिरा मी नॉइजवर बेतल्या होत्या आणि वरून त्या छान लांबच लांब वाहत होत्या. मी खूश. चित्र दगडाचं काम करणाऱ्या कारागिराला दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं आणि पुढच्या कडेवर बोट ठेवलं. म्हणाले, "साहेब, वर दगड आहे, पण इथं तुम्ही प्लायवूड लावलंय."

आणि खरंच! कडेवर आडव्या, बारीक, एकावर एक रेघा. हुबेहूब प्लायचे थर. मला वाटलं, पॉलिश जास्त झालं असेल. चकाकी कमी केली, तर ते मॅट प्लायवूड झालं. अर्धी रात्र मी उजेडाला शिव्या देत बसलो. उजेड बिचारा निर्दोष होता.

दोष होता एका शब्दाचा. ब्लेंडरमध्ये टेक्सचर कोऑर्डिनेटच्या खोक्यात पहिलाच पर्याय `Generated` असतो आणि मी आळसाने त्यालाच तार जोडलेली. हा पर्याय वस्तूचे खरे मिलिमीटर बघतच नाही. वस्तू केवढीही असो, प्रत्येक दिशेला ती शून्यापासून एकपर्यंत मोजायची, एवढंच त्याला ठाऊक. म्हणजे लांबीचे ३००० मिलिमीटर म्हणजे एक, रुंदीचे ६०० म्हणजेही एक आणि जाडीचे २० म्हणजेही एकच. आता हिशेब करा. वरच्या पृष्ठावर नक्षी लांबीच्या दिशेने पाचपट ताणली गेली. मी ज्या 'वाहत्या शिरां'वर खूश होतो ना, त्या मुळात गोल ठिपके होते! आणि पुढच्या कडेवर तीच नक्षी उंचीच्या मानाने दीडशेपट ताणलेली. दीडशेपट ताणलेला ठिपका रेघच होणार. झालं प्लायवूड.

उपाय दोन मिनिटांचा. `Object` कोऑर्डिनेट घ्यायचे आणि त्याआधी `Ctrl+A` दाबून `Scale` पक्की करायची. ही दुसरी पायरी सगळे विसरतात. घनाला ओढून ओटा केला असेल आणि स्केल तशीच राहिली, तर `Object` घेऊनही ताण जात नाही.

नॉइजऐवजी दगडाचा फोटो लावणारे आता गालात हसतायत. थांबा, तुमचीही पाळी आहे. दगडाच्या दीड मीटर रुंद भागाचा फोटो तुम्ही घेता आणि दर अर्ध्या मीटरला एकदा पसरवता. मग सहा मिलिमीटरचा फेल्डस्पारचा दाणा दोन मिलिमीटरचा होतो. ओटा लांबून राखाडी धुरकट दिसतो आणि तीच शीर सहा वेळा हजेरी लावते. याला माझा साधा उपाय आहे. दहा मिलिमीटरची एक चकती, साधारण करंगळीच्या नखाएवढी, ओट्यावर ठेवायची आणि जवळून कॅमेरा लावायचा. दाणा नखाशेजारी कसा दिसतो ते डोळ्याला लगेच कळतं. नंतर चकती काढायला मात्र विसरू नका. मी विसरलोय. त्या घरच्यांनी "ही टिकली कुणाची" म्हणून विचारलं होतं.

एक कुरकुर जाताजाता. अस्सल ग्रॅनाइट दाणेदार असतो. लांब लाटा असलेले जे दगड ग्रॅनाइट म्हणून विकले जातात, त्यांतले पुष्कळ भूशास्त्राच्या भाषेत नाइस असतात, दाबाखाली पट्टे पडलेले. तेव्हा पांढऱ्यावर करड्या, संगमरवरासारख्या शिरा ओढून त्याला ग्रॅनाइट म्हणणारं रेंडर दिसलं की मला पित्त होतं.

आता कड. शीर म्हणजे दगडावर काढलेली रेघ नव्हे, तो जाडीतून आरपार गेलेला पापुद्रा असतो. त्यामुळे वर जिथे शीर संपली तिथूनच ती कडेवर उतरायला हवी. फोटो `Box` पद्धतीने लावला तर कडेवर माप बरोबर येतं, पण शिरा जुळत नाहीत. जाड दिसणारी कड करायची असेल तर खऱ्या कामात दोन रीती. एक, खाली पट्टी चिकटवून २० चे ४० करायचे. तेव्हा मधोमध केसासारखा जोड दिसतो, तो रेंडरमध्येही दिसू द्या. दुसरी, ४५ अंशांत कापून जोडायचं. तेव्हा पुढची पट्टी त्याच पाटीतून शेजारून निघते आणि शीर वळून खाली येते. इथे वरचं पृष्ठ आणि पुढची पट्टी यूव्हीमध्ये एकसंध ठेवा.

आणि गोलाईचं म्हणाल तर कारागीर ज्याला 'सरळ कड' म्हणतात तीही दोनेक मिलिमीटर घासलेली असते. बेव्हल दिलाच नाही तर कडेवर उजेडाची रेघ उमटत नाही आणि ओटा कागदाचा वाटतो. उलट, कोरीव मोल्डिंगवर दिवस घालवण्याआधी भागाकार करा. तीन मीटरचा ओटा चित्रात १२०० पिक्सेल व्यापत असेल, तर एक पिक्सेल अडीच मिलिमीटरचा. अख्ख्या कडेला आठ पिक्सेल मिळतात. त्यात तुमची महिरप कुणाला दिसणार?

किती वाजले? पाच मिनिटं? अहो, पण सिंक राहिलं ना! बरं, भराभर.

भोक पाडणारा ठोकळा दगडाच्या वर आणि खाली दहा-दहा मिलिमीटर बाहेर काढा. पृष्ठाशी तंतोतंत ठेवलात तर भोक कापणारं बुलियन मॉडिफायर गोंधळतं, पातळ पापुद्रा उरतो. मॉडिफायरच्या यादीत बुलियन आधी, बेव्हल नंतर, म्हणजे कापलेल्या कडेलाही ती दोन मिलिमीटरची गोलाई मिळते. कोपऱ्यांची गोलाई मात्र ठोकळ्यालाच द्या, दहा-पंधरा मिलिमीटर. काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि दगड तिथूनच तडकतो, म्हणून कारागीर तसा कोपरा ठेवत नाहीत.

जागेचं गणित: ६०० मधून पुढे ७० ची पट्टी, ४०० चं भोक, मागे उरले १३०. त्यात नळाचं ३५ चं छिद्र मधोमध बसतं. पुढची पट्टी ३० वर आणलीत तर चित्र सुंदर दिसेल, पण खरा दगड उचलतानाच मोडेल.

सिंक खालून बसवलेलं असेल तर भोकाच्या आत दगडाची २० ची जाडी दिसते, पॉलिश केलेली, आणि शिरा तिथेही उतरतात. वरून बसवलेलं असेल तर सिंकची कड ती झाकते, तिथे मेहनत नको. खालच्या सिंकची भिंत दगडाच्या कापाशी अगदी एका रेषेत ठेवू नका, पृष्ठं एकमेकांत लुकलुकतात. दगड तीन मिलिमीटर पुढे घ्या, किंवा सिंक तेवढं उघडं ठेवा. मध्ये सीलंटची बारीक रेघ.

हो, हो, आवरतो. पुढच्या वक्त्यांची माफी मागतो. ज्यांना ती प्लायवूडची फाइल बघायची असेल त्यांनी बाहेर या, ती मी अजून जपून ठेवलीय.