कूस बदलली आणि खोली फिरली

पहाटे उजव्या कुशीवर वळताच खोली गरगर फिरू लागते. एक बाई गादी घट्ट धरून डोळे मिटून घेते. अर्ध्या मिनिटात फिरणं थांबतं, मळमळ मात्र उरते. तिला ऐकू नीट येतं. स्थिर बसलं की काही होत नाही. त्रास होतो तो आडवं होताना, कूस बदलताना, नाहीतर मान वर करताना. डॉक्टरांना सांगण्यासारखी सर्वांत मोलाची माहिती हीच.

आतल्या कानातल्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे चिकट थरावर बसलेले असतात. डोकं कुठे कललंय, हे त्यांच्या वजनावरून कळतं. वयानुसार किंवा डोक्याला मार लागल्यावर त्यातले काही सुटतात आणि बहुतेक वेळा मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत घसरतात. या नलिकेचं काम फक्त डोक्याचं वळणं टिपणं. पण आता कूस बदलली की खडे खाली सरकतात आणि नलिकेतलं पाणीही ओढलं जातं. डोकं थांबलेलं असतं, तरी हा कान मेंदूला सांगत राहतो, ‘आपण फिरतोय.’

खात्री पटते ती डिक्स-हॉलपाइक तपासणीनं. डॉक्टर तिची मान ४५ अंश उजवीकडे वळवून तिला झटकन मागे झोपवतात, डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबतं. पहिले काही सेकंद काहीच होत नाही. खडे हलायला लागतो तेवढाच हा वेळ. मग बुबुळं वरच्या दिशेनं आणि खालच्या, म्हणजे उजव्या कानाकडे, गोल झटके देऊ लागतात आणि मिनिटाच्या आत थांबतात. दोष उजव्या कानात आहे.

आता खडे आले त्या वाटेनं परत न्यायचे. अमेरिकी डॉक्टर जॉन एपली यांनी १९९२ साली मांडलेली ही पद्धत. डोकं लोंबतं ठेवूनच मान ९० अंश डावीकडे वळवतात. मग ती अख्खी डाव्या कुशीवर येते, नाक जमिनीकडे. शेवटी हनुवटी खाली ठेवून सावकाश उठून बसते. प्रत्येक स्थितीत चक्कर थांबेपर्यंत, निदान अर्धा मिनिट थांबायचं. घाई केली तर खडे मध्येच राहतात, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. मधे पुन्हा चक्कर येणं वाईट नाही, खडे सरकताहेत.

गोळ्यांनी मळमळ कमी होते, खडे जागचे हलत नाहीत. एका खेपेत गुण आला नाही तर पुन्हा करतात. खडे आडव्या नलिकेत असतील तर पद्धत वेगळी लागते. मानेचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. महिन्यांनी, वर्षांनी त्रास उलटूही शकतो, तेव्हा पुन्हा हाच उपाय.

पण चक्कर तासन्‌तास थांबतच नसेल, जीभ जड होत असेल, एकाचे दोन दिसत असतील, हातपाय लुळे पडत असतील किंवा उभंच राहता येत नसेल, तर हे खड्यांचं काम नाही. लगेच रुग्णालय गाठा.