अंगठ्याचं मूळ आणि मोदकाच्या कळ्या

पत्रिकेवर विषय छापलाय ‘अंगठ्याचा सांधा : पट्टा की शस्त्रक्रिया?’ त्यावर मी येतोच. पण त्याआधी एक्स-रेविरुद्धची माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. गेली कित्येक वर्षं ती सांगायला मला श्रोते मिळत नव्हते. आज पाऊस असूनही तुम्ही एवढे आलात, त्यामुळे आता तुमची सुटका नाही.

काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एक मावशी आल्या. वय बासष्ट. उजव्या हाताला मनगटाचा लवचिक पट्टा, कडा झिजून धागे लोंबत होते. आठ महिने तोच घातलेला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, ‘नस आखडलीय.’ मी विचारलं, दुखतं कुठे? त्यांनी मनगटाकडे बोटही नेलं नाही. सरळ अंगठ्याच्या मुळाशी, जिथे तळहाताचा फुगीर भाग मनगटाला मिळतो तिथे, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी चिमटा धरला. म्हणाल्या, ‘इथे. बरणीचं झाकण काढताना, ग्रिलची किल्ली फिरवताना. आणि मोदकाच्या कळ्या पाडताना तर डोळ्यांतून पाणी येतं.’

आता बघा, तो पट्टा मनगट धरत होता आणि अंगठा मोकळा सोडत होता. दुखत होता अंगठा. म्हणजे दाराची कडी मोडली म्हणून खिडकीला कुलूप घातल्यासारखं. आठ महिने!

मोदकाच्या कळीबद्दल थोडं सांगतो, कारण हा सगळा आजार त्या एका चिमटीत आहे. उकडीची पारी हातात धरून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबत जायचं. अंगठ्याच्या टोकाला एक किलोचा दाब दिला, तर त्याच्या मुळाशी साधारण बारा किलोचा भार पडतो. १९७७ साली हे गणित मांडलं गेलं आणि आजही तेच सांगितलं जातं. मुळाशी दोन हाडं खोगिरासारखी एकमेकांवर बसलेली असतात, अंगठ्याचं तळहातातलं हाड आणि त्याच्याखाली ट्रॅपेझियम. शाळेत आपण समलंब चौकोन शिकलो ना, तोच इंग्रजीत ट्रॅपेझियम. गणितात नापास झालेल्यांनाही तो शेवटी हातात भेटतोच! खोगीर असल्यामुळे अंगठा सगळीकडे फिरतो, पण हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल झाले की तो बाजूला सरकतो आणि हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हे जास्त दिसतं.

मग मी ग्राइंड टेस्ट केली. नावच वाटणाचं! एका हाताने त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने अंगठ्याचं तळहातातलं हाड चिमटीत पकडलं, मनगटाच्या दिशेने लांबीत दाबलं आणि थोडं गोल फिरवलं. मुळाशी दुखलं आणि माझ्या बोटांना वाळूसारखी करकर लागली. बरेच जण अंगठ्याचं टोक धरून दाबतात. मग मधले सांधेही त्यात ओढले जातात आणि दुखलं ते कुठे, हे कळत नाही. आता सगळे आपापला अंगठा पिळताहेत, मला दिसतंय. शेजाऱ्याचा पिळू नका, हळू करा. आणि नाही दुखलं म्हणून आजार नाही असं समजू नका. ही टेस्ट सकारात्मक आली की बऱ्यापैकी विश्वास ठेवावा, नकारात्मक आली तर फारसा ठेवू नये. आणखी एक खात्री करतो. मनगटाच्या अंगठ्याकडच्या टोकदार हाडावर दुखत असेल, तर तो बहुधा स्नायूरज्जूंच्या आवरणाचा त्रास असतो. त्याचं औषध वेगळं.

आणि आता माझी तक्रार. मावशींनी आधीच्या ठिकाणचे दोन्ही हातांचे एक्स-रे आणले होते. फिल्म उजेडाला लावली आणि मी डाव्या हाताची बघून म्हटलं, ‘अरे बापरे, ह्यात तर काहीच शिल्लक नाही. डावा फार त्रास देत असेल?’ मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘डाव्याला काही होत नाही हो. विळीवर नारळ खोवताना वाटी धरायला तोच वापरते.’ मी तरुण होतो, मला लाज वाटली. दुखणाऱ्या उजव्याचा फोटो डाव्यापेक्षा बराच बरा होता!

ईटन आणि लिटलर या हाताच्या सर्जनांच्या नावाने जे टप्पे सांगतात, ते फोटोचे टप्पे आहेत. पहिल्यात सांधा जवळजवळ नीट दिसतो, फट उलट थोडी रुंद असू शकते. दुसऱ्यात फट अरुंद, कडेला हाडाचे तुकडे दोन मिलिमीटरपेक्षा लहान. तिसऱ्यात फट जवळपास गेलेली, तुकडे त्याहून मोठे. चौथ्यात ट्रॅपेझियमच्या मनगटाकडच्या शेजाऱ्याशी असलेला सांधाही खराब. हे शस्त्रक्रिया ठरवणाऱ्याला उपयोगी आहे, पण दुखणं त्यात मोजलेलं नाही. त्यात साधा हाताचा एक्स-रे अंगठा तिरपा दाखवतो. अंगठ्याची पाठ प्लेटवर टेकेल इतका हात आत वळवून काढलेला असला तरच सांधा नीट दिसतो. ‘डॉक्टर, मला तिसरी स्टेज आहे’ असं घाबरून सांगणारे लोक येतात, तेव्हा मी विचारतो, रात्री झोप लागते का? किल्ली फिरते का?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. बरं, मूळ विषय.

पट्टा आधी, कुठल्याही टप्प्यात. पण अंगठ्याचा. गरम पाण्यात मऊ होणारं प्लास्टिक हातावर बसवून छोटा पट्टा करतात. अंगठ्याचं मूळ धरलं जातं, मनगट आणि अंगठ्याचं टोक मोकळं राहतं. मधला सांधा किंचित वाकलेला ठेवायचा. तो मागे उलटा जात असेल, तर मुळाशी भार वाढतो. मावशींना सहा आठवडे कामात आणि रात्री, नंतर फक्त जड कामाला घालायला सांगितलं. सोबत बरणीला रबरी पकड आणि जाड मुठीची किल्ली. झीज भरून आली नाही, ती येतही नाही. पण दुखणं निम्म्याहून कमी झालं. त्या वर्षी कळ्या सुनेने पाडल्या आणि मावशींनी सारण भरलं. इंजेक्शनही देतात, त्याचा आराम बहुधा थोड्याच काळाचा.

दोन वर्षांनी रात्रीची झोप मोडायला लागली, पट्टा असूनही. शस्त्रक्रियेचा विचार इथे करायचा. पट्टा, सवयी, औषध हे सगळं नीट करून पाहिलं, तरी काम आणि झोप अडते, तेव्हा. ट्रॅपेझियम काढून टाकतात, दोन हाडांची घासाघीस थांबते. त्या पोकळीत स्नायूरज्जूची गुंडाळी भरण्याची पद्धतही आहे. पण नुसतं हाड काढण्यापेक्षा तिने जास्त फायदा होतो असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलं नाही, गुंतागुंत मात्र थोडी वाढते. म्हणून मी साधंच करतो. धोके सांगून करतो : अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा, अंगठा थोडा आखूड होणं, कधीकधी दुखणं न जाणं. मधला सांधा फारच उलटा जात असेल, तर त्याचंही त्याच वेळी बघावं लागतं, नाहीतर चिमटी कमजोरच राहते.

चार-सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा, तीन महिन्यांनी हलकी कामं, आणि चिमटीची ताकद यायला सहा महिने ते वर्ष. मावशींना हे सांगितलं, तर त्यांनी पिशवीतून कालनिर्णय काढलं, अनंत चतुर्दशीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मग गणपती उठल्यावरच करू या. पुढच्या वर्षीचे मोदक मला चुकवायचे नाहीत.’ पुढच्या गणपतीत त्यांनी अकरा केले. कळ्या थोड्या जाड होत्या, मी खाल्ल्यात. प्रश्न असतील तर विचारा, फक्त शेजाऱ्याचा अंगठा सोडून.