करारभंगाच्या नोटिशीला उत्तर देताना

श्रोतेहो, नमस्कार. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील हळद पावडरीच्या एखाद्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्याशी त्याचा वर्षाचा करार आहे. करारात ‘अंदाजे चाळीस हजार खोकी’ असे लिहिले आहे, प्रत्यक्षात मागणी सव्वीस हजारांची झाली आणि वर्ष संपताच पुरवठादाराची नोटीस आली: उरलेली चौदा हजार खोकी न घेऊन तुम्ही करारभंग केला आहे, तेव्हा बुडालेला नफा आणि त्यासाठी आणून ठेवलेल्या कागदाची किंमत भरून द्या.

अशी नोटीस हातात पडली की पुष्कळ मालक संतापून लिहितात, ‘धंदा मंदा होता म्हणून माल उचलता आला नाही.’ हे वाक्य घातक आहे, कारण माल उचलण्याचे बंधन आपल्यावर होते, असा त्याचा अर्थ निघतो. उत्तराची सुरुवात कराराची तारीख सांगून करावी आणि संबंधित कलमातील शब्द जसेच्या तसे उतरवावेत. समजा, कलमात म्हटले आहे: ‘वरील आकडा केवळ अंदाज असून, खरेदीची जबाबदारी लेखी ऑर्डरपुरतीच राहील.’ मग एवढेच लिहावे की दिलेल्या प्रत्येक लेखी ऑर्डरचा माल आम्ही स्वीकारला आहे, उरलेल्या खोक्यांची ऑर्डर कधीच दिली नव्हती, म्हणून करारभंग झालेला नाही.

त्यानंतर दुसरा मुद्दा, पण तो पहिला न सोडता मांडावा: ‘करारभंग झाला असे वादापुरते गृहीत धरले, तरी’ बुडालेला नफा आणि आगाऊ आणलेला कच्चा माल यांची भरपाई करारातील अमुक कलमाने वगळलेली आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७३ दूरान्वयाने होणाऱ्या नुकसानीची भरपाई देत नाही, हेही जोडता येते; मात्र भर कराराच्या शब्दांवरच हवा. सही करण्यापूर्वी आपला ईमेल आणि व्हॉट्सॲप जरूर चाळावे. ‘कागद आणून ठेवा, पुढच्या महिन्यात उचलतो’ असे आपल्याच खरेदी विभागाने कळवलेले असेल, तर तीच लेखी ऑर्डर होती, असा वाद उभा राहतो.

या अपवादांचा आधार घेऊन स्वीकारलेल्या मालाचे बिल मात्र अडवता येत नाही, आणि माझ्या मते खरी गफलत इथेच होते. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योजक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे, करारात काहीही लिहिले असले तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. म्हणून पोचलेल्या खोक्यांची निर्विवाद बाकी उत्तरासोबतच भरावी, ‘ही रक्कम अमुक बिलांपोटी असून इतर मागण्या आम्हांस अमान्य आहेत’ असे त्याच पत्रात स्पष्ट लिहावे आणि पत्र पोच मिळेल अशा रीतीने रवाना करावे.