पीपीटी कुठे उघडणार आहे?

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडे पडद्यावर जे काही दाखवलं जातं त्या सगळ्याला ‘पीपीटी’ म्हणायची पद्धत आहे. ती कॅनव्हात केलेली असो, गुगल स्लाइड्समध्ये असो, नाहीतर नुसती पीडीएफ असो. मी तीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवला, आणि हा शब्द काही कुणाला सोडायला लावू शकले नाही. आज मीही तोच वापरणार आहे.

ही पीपीटी कशात करावी, असं मला लोक विचारतात. मी उलट विचारते, ती उघडणार कुठे? कुणाच्या मशीनवर, आणि तिथे नेट आहे का? हे का विचारते ते कळण्यासाठी आमच्या वाचनालयाच्या शताब्दीची गोष्ट ऐका.

आमच्या तालुक्याच्या गावी शंभर वर्षांचं वाचनालय आहे. समारंभासाठी बत्तीस स्लाइड्सची पीपीटी करायची ठरलं. करणारे पाच जण: ग्रंथपाल अण्णा गावात, मी गावात, खजिनदार मुंबईला, चिटणिसांचा मुलगा दोह्याला आणि माझी भाची पुण्यात. भाची म्हणाली, “मावशी, मी कॅनव्हात करते. सगळ्यांना लिंक देते, ज्याने त्याने आपापलं भरा.” आणि खरं सांगते, आठ दिवस ते काम झकास चाललं. खजिनदार मुंबईत बसून आकडे दुरुस्त करत होते, दोह्याचा मुलगा रात्री फोटो चढवत होता. फाइल एकच, त्यामुळे कुणाकडे जुनी आणि कुणाकडे नवी ही भानगडच नाही. डेस्कटॉपच्या पॉवरपॉइंटमध्येही अनेकांना एकाच वेळी काम करता येतं, पण त्यासाठी फाइल वनड्राइव्हवर ठेवावी लागते. आपले लोक ती ठेवत नाहीत. ते मेल करतात.

पहिली ठेच अण्णांच्या इतिहासाला लागली. वाचनालयाचा इतिहास त्यांनी वीस वर्षांपूर्वीच टाइप करून ठेवला होता, कृतिदेव फॉन्टमध्ये. ती फाइल त्यांनी भाचीला पाठवली. तिचा फोन आला, “मावशी, अण्णांनी हे काय पाठवलंय? ओ, के, पी, यू, के, वाय, सेमिकोलन.” अण्णा म्हणाले, “माझ्याकडे स्वच्छ दिसतंय. वाचनालय असं लिहिलंय.” दोघांचंही खरं होतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी चित्रं चढवतो. `okpuky;` एवढं टाइप केलं की अण्णांच्या पडद्यावर ‘वाचनालय’ उमटतं. जिथे कृतिदेव नाही तिथे खालचं इंग्रजी उघडं पडतं. ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये आणि कॅनव्हात हमखास हेच होतं.

मग तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलला, म्हणजे आत साठवलेली अक्षरंही मराठीच झाली. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागते. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. उलटापालट करताना यंत्र चुकतं. आमच्या ‘ग्रंथार्पण’मधला रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसला होता.

आता समारंभाचा दिवस. रविवार, सकाळी आठ. सभागृह डोंगराच्या कुशीत, मोबाइलला एक दांडी, तीही खिडकीत उभं राहिलं तर. (सभागृहांना एसी बसवतात, पण वाय-फाय बसवायचं कुणाच्या मनात येत नाही. असो.) पीपीटी चालवायची होती ध्वनिव्यवस्था करणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर. त्यावर पॉवरपॉइंट होतं, जुनं. भाचीने आदल्या रात्री कॅनव्हातून ‘पीपीटीएक्स’ म्हणून फाइल उतरवून पेनड्राइव्हवर आणली होती. तिच्या मते काम झालं होतं.

फाइल उघडली. पहिल्या दोन स्लाइड ठीक. तिसरी स्लाइड संस्थापकांची, अकरा नावं. मी पुढच्या रांगेत बसून चहाचा कप शोधत होते. अण्णा उभेच होते. ते पडद्याकडे बघत बोटांवर मोजायला लागले. पुन्हा मोजले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बाई, नऊच दिसतात.”

भाचीने नावांसाठी उभट, चिंचोळा फॉन्ट घेतला होता. कॅनव्हात तो सुंदर दिसायचा, प्रत्येक नाव पदासकट एका ओळीत. त्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता. पॉवरपॉइंटने न विचारता दुसरा रुंद फॉन्ट लावला. लांब नावं दोन ओळींत मोडली, यादी खाली वाढत गेली, आणि शेवटची दोन नावं स्लाइडच्या काठाखाली गेली. पुसली गेली नव्हती, पडद्याच्या बाहेर होती. आणि सगळ्यात शेवटचं नाव होतं जागा देणाऱ्या आजींचं. त्यांचा नातू पहिल्या रांगेत, फेटा बांधून बसलेला.

यात फसवणारी गोष्ट ऐका. अक्षरांवर क्लिक करून वर फॉन्टच्या चौकटीत बघितलं तर नाव भाचीच्याच फॉन्टचं दिसत होतं. पॉवरपॉइंट नाव जुनंच दाखवतं आणि अक्षरं दुसरीच काढतं. म्हणून चौकटीतलं नाव बघून निश्चिंत होऊ नका, ओळी कुठे मोडल्यात ते बघा.

वीस मिनिटं हातात होती. एकेक चौकट आवळून बसवावी म्हटलं, तर तशा बत्तीस स्लाइड. भाची फोन घेऊन खिडकीत उभी राहिली. कॅनव्हाच्या अ‍ॅपमधून तीच पीपीटी पुन्हा उतरवायला लावली, या वेळी पीडीएफ म्हणून. एक दांडी, बत्तीस पानं, जुने फोटो. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते आणि अण्णा ध्वनिव्यवस्थेच्या मुलाला सांगत होते की अजून एकदा माइक तपास, म्हणजे लोकांना वाटेल त्यामुळेच उशीर होतोय. मग फोनला केबल लावून फाइल लॅपटॉपवर घेतली, पीडीएफ उघडली, कंट्रोल आणि एल दाबलं, पूर्ण पडदा झाला. तिसरं पान. अण्णांनी पुन्हा मोजली. अकरा.

पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या आतच बसून येतो, म्हणून समोरच्या मशीनवर तो असो वा नसो, ओळ हलत नाही. पण किंमतही मोजावी लागते. आमच्या स्लाइडवर फुलं उमलणार होती ती उमलली नाहीत, आणि जुन्या वाचकांच्या मुलाखतीचा व्हिडिओ म्हणजे नुसतं एक स्थिर चित्र झालं. अण्णांनी मुलाखत तोंडी सांगितली. फुलांची आठवण कुणाला आली नाही. स्लाइडवरची उडणारी, गरगरणारी अक्षरं हा प्रकार मला वर्गातसुद्धा कधी आवडला नाही, पण तो विषय वेगळा.

तर श्रोतेहो, ती उघडणार कुठे? दुसऱ्याच्या मशीनवर, नेटशिवाय आणि नुसती दाखवायची असेल, तर कशातही करा, नेताना पीडीएफ न्या.

व्हिडिओ चालवायचाच असेल, किंवा पडद्यावर स्लाइड आणि आपल्या लॅपटॉपवर टिपणं हवी असतील, तर डेस्कटॉपचं पॉवरपॉइंट. व्हिडिओ फाइलच्या आत घाला, यूट्यूबची लिंक नको, कारण लिंकला नेट लागतं. आणि फॉन्ट सोबत पाठवा. विंडोजवर File मध्ये Options, त्यात Save, आणि तिथे अगदी खाली Embed fonts in the file. खाली दोन पर्याय येतात. तिकडे कुणाला एखादं नाव दुरुस्त करावं लागेल असं वाटत असेल तर Embed all characters निवडा, नाहीतर फाइलमध्ये वापरलेलीच अक्षरं सोबत जातात. फाइल फुगते, ते चालवून घ्या. काही फॉन्टचा परवाना सोबत न्यायची मुभा देत नाही. तेव्हा विंडोजसोबत येणारा Nirmala UI वापरावा, दिसायला साधा आहे पण विंडोज आठपासून बहुतेक ठिकाणी सापडतो.

गुगल स्लाइड्सबद्दल लोक सांगतात की ते ऑफलाइनही चालतं. चालतं, पण क्रोम किंवा एजमध्ये, आणि नेट असताना घरी ती सोय आधी चालू केलेली असेल तरच. शिवाय ती सोय तुमच्या त्या लॅपटॉपपुरती. सभागृहातल्या लॅपटॉपवर तुमचं खातं उघडलं म्हणून फाइल तिथे आपोआप हजर होत नाही. पाच गावांतल्या पाच जणांनी मिळून मजकूर भरायचा असेल तर मात्र मी गुगल स्लाइड्सच घेते. अण्णांनी एकदा चुकून अख्खी स्लाइड काढून टाकली, तर File मधल्या Version history मधून कालची प्रत परत मिळते.

मग कॅनव्हा कशाला? निमंत्रणाला, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कार्डाला. आमच्या समारंभाचं निमंत्रण भाचीने त्यातच केलं, देखणं. छापायला मात्र पीएनजी देऊ नका, PDF Print निवडा आणि कडेला कापायची जागा ठेवा. छापखान्याचे चार शाईंचे रंग हवे असतील तर ते पैसे भरलेल्या खात्यातच मिळतात. आमचा पोपटी रंग छापून आला तेव्हा वाळलेल्या कढीपत्त्यासारखा झाला होता, कारण पडद्याचा प्रकाश आणि कागदावरची शाई यांचे रंग जुळतातच असं नाही. एक नमुना प्रत काढून बघायला हवी होती.

समारंभ संपल्यावर चहाच्या वेळी तो फेटेवाला नातू भाचीकडे आला. तिसऱ्या पानाचा फोटो मागत होता, आईला पाठवायचा म्हणून. भाचीने तिथल्या तिथे ते एक पान त्याला पाठवलं, खिडकीत उभं राहून.

आणि अण्णांचा गेल्याच आठवड्यात फोन आला. “बाई, इतिहासाची ती जुनी फाइल अजून माझ्याकडे आहे. जागा अडते, काढून टाकू का?” मी म्हटलं, “अण्णा, राहू द्या. पण कृतिदेवसुद्धा त्याच फोल्डरमध्ये ठेवा.”