अंजनेरीवर टेकलेला चपटा सूर्य

संक्रांतीचा दिवस, नाशिकमधली आमची गच्ची, सहा वाजून गेलेत, पतंगवाल्यांचा आरडाओरडा अजून चालूच आहे आणि समोर अंजनेरीच्या माथ्यावर सूर्य टेकतोय. आता फ्रेम इथेच थांबवू. नीट बघा, हा गोल नाहीये, हाताने जरासा दाबलेल्या पेढ्यासारखा दिसतोय.

डोळ्याचा भास असेल म्हणून आम्ही मोजलंच. पाच वाजता फिल्टर लावून काढलेल्या फोटोत सूर्य आडवा 400 पिक्सेल, उभाही 400. तोच झूम ठेवून डोंगरावर टेकताना काढला तर आडवा 400 पण उभा 367च. म्हणजे मावळताना सूर्य मोठा दिसतो तो भास, रुंदी काही वाढलेली नाही, चपटेपणा मात्र खरा.

होतं असं की वरच्या विरळ हवेतून खालच्या दाट हवेत येताना प्रकाश वाकतो, आणि त्यामुळे सूर्य आहे त्यापेक्षा वर दिसतो. क्षितिजाजवळ हे उचलणं भराभर वाढतं, म्हणून सूर्याची खालची कड जास्त उचलली जाते, वरची कमी. डावी-उजवी कड एकाच उंचीवर, त्यामुळे रुंदीला धक्का लागत नाही. अंजनेरीचा माथा आमच्याकडून दीडेक अंश वर आहे, तिथे हा फरक थोडाच असतो. समुद्राच्या सपाट क्षितिजावर हाच सूर्य 400 ला साधारण 335 भरला असता.

आता गंमत. अगदी क्षितिजावर हवा सूर्याला साधारण 34 कला उचलते (60 कला म्हणजे एक अंश) आणि सूर्याची स्वतःची रुंदी आहे 32 कला. म्हणजे समुद्रावर सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते ना, तेव्हा सरळ रेषेत बघितलं तर अख्खा सूर्य खाली गेलेला असतो! हा 34 चा आकडा सरासरीचा हं, थंडीत जमिनीलगत गार हवेचा थर बसला की बदलतो, मग कडाही वेड्यावाकड्या दिसतात.

मिनिटांत सांगायचं तर नाशिकला 21 मार्चच्या सुमारास सूर्य मिनिटाला 14 कला उतरतो, म्हणजे हवेमुळे संध्याकाळी जवळपास अडीच मिनिटं जास्तीची, सकाळीही तेवढीच. त्यात सूर्यास्त धरतात वरची कड गेल्यावर, मधला बिंदू गेल्यावर नाही, म्हणून आणखी थोडी भर पडते आणि ज्याला आपण बारा-बारा तासांचा दिवस म्हणतो तो बारा तास सात मिनिटांचा निघतो. दिवस-रात्र खरोखर सारखी होते ती त्याच्या सहाएक दिवस आधीच.

पण गच्चीवर आज वेगळंच. कॅलेंडरमधला सूर्यास्त सव्वासहाच्या आसपासचा, तो सपाट क्षितिज धरून काढलेला, आणि आमचा सूर्य त्याच्या सात-आठ मिनिटं आधीच अंजनेरीमागे गेला. खाली अजून कोणीतरी काय पो करतंय.